देहबोली : मुलाखतीतली आणि मीटिंगमधली

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण. बोललो तसेच लिहून दिले आहे. दोन-चार ठिकाणी फक्त वाक्ये नीट केली आहेत.)



सेक्रेटरींनी जेव्हा मला विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, बँकिंगवर बोललो तर अर्धी मंडळी चहापर्यंत घरी जातील. मग त्यांनीच सुचवलं की तुम्ही इतकी वर्षं लोकांच्या मुलाखती घेतल्यात, आपल्या सोसायटीत दहा-बारा मुलंमुली नोकरीच्या परीक्षा देताहेत, त्यांना काहीतरी सांगा. तेव्हा आजचा विषय देहबोली. मुलाखतीत आपण कसे बसतो, कसे बघतो, हात कुठे ठेवतो, आणि त्याचा समोरचा काय अर्थ लावतो.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बँकेत क्लार्कचे ऑफिसर करण्यासाठी अंतर्गत परीक्षा व्हायची. आधी लेखी, मग मुलाखत. त्या वर्षी निवड मंडळावर मी सगळ्यात ज्युनियर सभासद होतो. दुपारी जेवणाच्या आधी जव्हारकडच्या एका लहान शाखेतला तरुण आत आला. मी त्याला पीककर्जाबद्दल विचारलं. उत्तर बरोबर होतं, पण तो ते टेबलाकडे बघून देत होता. आवाज हळू, खांदे आत ओढलेले, हात मांडीखाली. साहेबांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, आत्मविश्वास कमी. मीही त्यांच्या कागदावर नजर टाकली आणि माझे गुण दोन-तीनने खाली आणले.

नंतर चहा घ्यायला बाहेर आलो, तर हाच मुलगा पॅसेजमध्ये आपल्या बरोबरच्या तिघांना तोच प्रश्न समजावून सांगत होता. हात हलवत, डोळ्यांत डोळे घालून, पाऊस लांबला तर शेतकऱ्याच्या हप्त्याचं काय होतं ते अगदी उदाहरण देऊन. मी तिथेच थबकलो. त्याच्याकडे आत्मविश्वास होता. फक्त साहेबांच्या डोळ्यांत बघून बोलायचं नसतं, असं त्याला घरात आणि शाळेत शिकवलेलं होतं. आपल्यालाही लहानपणी तेच शिकवलं होतं की! वडील रागावले की खाली बघायचं. वर बघितलं तर 'डोळे वटारतोस?' म्हणून दुसरी बसायची.

तोपर्यंत गुणपत्रिका पाकिटात बंद झाली होती. त्या यादीत त्याचं नाव आलं नाही. दोन वर्षांनी पुढच्या यादीत आलं. माझ्या दोन-तीन गुणांमुळेच तो राहिला का, हे मला कधीच कळलं नाही. पण बँकेत दोन वर्षांची सीनियॉरिटी म्हणजे काय, हे इथे बसलेल्या नोकरदार मंडळींना सांगायला नको.

म्हणून आज दोन्ही बाजूंनी बोलणार आहे. खुर्चीत बसणाऱ्याने काय करावं, आणि टेबलापलीकडून बघणाऱ्याने काय समजू नये.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आमच्या ट्रेनिंगमध्ये एक वक्ते यायचे. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचे, ९३ टक्के. म्हणजे माणसाच्या बोलण्यातले शब्द फक्त ७ टक्के, आवाज ३८ टक्के आणि चेहरा, शरीर ५५ टक्के. आम्ही सगळे वहीत उतरवून घ्यायचो. रिटायर झाल्यावर वाचायला वेळ मिळाला तेव्हा कळलं की हे आकडे आले कुठून. अमेरिकेतल्या अल्बर्ट मेहराबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली दोन छोटे प्रयोग केले. एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचा, चेहऱ्याचा फोटो दाखवायचा आणि विचारायचं, बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही? शब्द आणि चेहरा एकमेकांशी जुळत नसले तर आपण चेहऱ्यावर जास्त विश्वास ठेवतो, एवढंच त्यातून निघालं. हे भावनेपुरतंच आहे, सगळ्या बोलण्याला लावू नका, असं ते स्वतःच सांगत आले. थोडं डोकं चालवलं तरी कळतं. पीककर्जाचं उत्तर ९३ टक्के हातवाऱ्यांनी देता येईल का?

तेव्हा मुलांनो, अभ्यासाला देहबोली हा पर्याय नाही. मग तिचा उपयोग काय? तुमचं उत्तर समोरच्यापर्यंत पोचताना मध्ये काही अडथळा येऊ नये, एवढाच. पण तेवढाही कमी नाही. सरकारी बँकांच्या प्रोबेशनरी ऑफिसरची परीक्षा घेणारी आयबीपीएस ही संस्था इथे आपल्या मुंबईतच, कांदिवलीला आहे. त्या परीक्षेत मुलाखत १०० गुणांची असते आणि शेवटच्या यादीत लेखीला ८० व मुलाखतीला २० असं वजन धरतात. म्हणजे मुलाखतीत १० गुण गेले तर शेवटच्या बेरजेत २ गेले. यादीत एकेका गुणावर कितीतरी मुलं उभी असतात, तिथे दोन गुण म्हणजे खूप झाले.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. गेल्या वर्षी आपल्याच सोसायटीतली एक मुलगी अशा मुलाखतीआधी तीन संध्याकाळ माझ्याकडे आली होती. तिची परवानगी घेऊन, नाव न घेता, सांगतो.

पहिल्या दिवशी मी काहीच शिकवलं नाही. आमच्या जेवणाच्या टेबलापलीकडे मी, आमची सौ. आणि शेजारचे काका असं बोर्ड बसवलं, तिला दाराबाहेर उभं केलं आणि मोबाइल शेल्फवर ठेवून सगळं रेकॉर्ड केलं. मग तिला सांगितलं, आता आवाज बंद करून बघ. पाच मिनिटं बघितल्यावर ती स्वतःच म्हणाली, ''काका, मी दर उत्तराआधी केस मागे घेते. आणि खुर्ची हलतेय का हो माझी?'' खुर्ची हलत नव्हती, टेबलाखाली पाय हलत होता. दर उत्तराआधी तोच पाय, तोच हात. हे तिला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

माझं सांगणं हे की घरी हेच करा. आवाज बंद करून बघा. आणि सगळ्या सवयी एकदम सोडायला जाऊ नका, नाहीतर लाकडासारखे ताठ व्हाल. सगळ्यात जास्त वेळा दिसणारी एकच सवय निवडा. तिच्या बाबतीत ती केसांची होती. उपाय सोपा, केस नीट बांधले. पुन्हा रेकॉर्ड केलं तर हात वर जातो आणि तिथे काही नाही म्हणून परत येतो, असं दोन-तीन वेळा झालं, मग थांबलं.

दुसऱ्या दिवशी दारापासून खुर्चीपर्यंतचा भाग घेतला. मुलाखत सुरू होते ती पहिल्या प्रश्नापासून नव्हे, दार उघडल्यापासून. फाइल डाव्या हातात. हे का, ते सांगतो. चेअरमनने हात पुढे केला आणि तुमच्या उजव्या हातात फाइल असेल तर अदलाबदलीची जी धांदल होते, ती मी कितीतरी वेळा पाहिली आहे. एकदा सगळी सर्टिफिकिटं जमिनीवर पसरली आणि तो बिचारा पुढची दहा मिनिटं त्यातून सावरलाच नाही.

हात आपण आधी पुढे करायचा नाही. मान किंचित झुकवून 'गुड मॉर्निंग' किंवा सरळ नमस्कार करावा. आपला नमस्कार कुठल्याही बोर्डापुढे शोभतो, आणि करोनानंतर तर कोणालाच त्याचं काही वाटत नाही. बोर्डावर बाई असल्या तरी नियम तोच, त्यांनी हात पुढे केला तरच आपण करायचा. समोरून हात आला तर पूर्ण तळवा द्यायचा. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली जी खोबण असते, ती समोरच्याच्या खोबणीला टेकली पाहिजे. नुसती बोटं पुढे केली तर मेलेला मासा हातात दिल्यासारखं वाटतं, आणि जोरात आवळलं तर अंगठीवाल्याचं बोट दुखतं. दोनदा हलवायचा आणि सोडायचा. त्या दोन क्षणांत बघायचं चेहऱ्याकडे, हाताकडे नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या ग्रेग स्टुअर्ट यांनी विद्यार्थ्यांच्या सरावाच्या मुलाखतींवर अभ्यास करून २००८ साली लिहिलं की ज्यांचं हस्तांदोलन चांगलं होतं, त्यांच्याबद्दल मुलाखत घेणाऱ्यांचं मतही जास्त चांगलं होतं. एवढ्याशा गोष्टीनेही माणूस आपल्याबद्दल मत बनवतो, हे लक्षात ठेवावं.

घामाचं काय? मुलुंडहून फोर्टला लोकलने जायचं, मे महिना, तळहात ओले होणारच. तासभर आधी पोचा. तोंड-हात धुवा, पंख्याखाली बसा. आत जायच्या आधी उजवा हात रुमालाला पुसा आणि रुमाल उजव्या खिशात ठेवा. पॅन्टला हात पुसत आत येणारे उमेदवार काचेच्या दारातून आम्हाला दिसत असत!

आता बसणं. 'सिट डाउन' म्हटल्यावर बसायचं. खुर्ची ओढायची नाही, उचलून सरकवायची. कंबर पाठीपर्यंत मागे न्यायची, दोन्ही पावलं जमिनीवर. पुढच्या कडेवर बसलं की पाठ लगेच थकते आणि माणूस पाच मिनिटांत वाकतो, आणि पावलं जमिनीवर घट्ट असली की पाय हलवायचा राहतो. हात मांडीवर, एकावर एक. मांडीखाली नाहीत आणि हाताची घडीही नाही. बोलताना हात हलले तर हलू द्या, तो काही गुन्हा नाही. फक्त बोट कोणावर रोखू नका आणि हातात बॉलपेन धरू नका. त्याचं टिकटिक तुम्हाला ऐकू येत नाही, आम्हाला दुसरं काही ऐकू येत नाही. गोल फिरणारी खुर्ची मिळाली तर विशेष जपा, घाबरलेला माणूस तिच्यावर नकळत डावी-उजवीकडे झुलत राहतो.

तिसऱ्या दिवशी नजर. ही सगळ्यात अवघड, आणि त्या जव्हारच्या मुलाची आठवण ठेवूनच मी ती शिकवली. ज्याने प्रश्न विचारला त्याच्याकडे बघून उत्तर सुरू करायचं. उत्तर लांब असेल तर मधल्या वाक्याला बाकीच्यांकडे एकदा नजर फिरवायची, आणि शेवटचं वाक्य पुन्हा विचारणाऱ्याकडे. डोळ्यांत बघायला संकोच वाटत असेल तर दोन भुवयांच्या मध्ये बघा, समोरच्याला फरक कळत नाही. विचार करताना नजर बाजूला गेली तर जाऊ द्या, सगळ्यांचीच जाते. टक लावून बघत राहणं तर त्याहून वाईट. मोठ्यांच्या डोळ्यांत बघणं हा इथे अपमान नाही, तुमचं उत्तर त्यांना देणं आहे, एवढंच मनाला समजवायचं.

आणखी एक आपली खास सवय. आपण मान हलवतो. हो आणि नाही यांच्या मधलं असं काहीतरी हलवतो. घरात चालतं, पण बोर्डावर दुसऱ्या प्रांतातला साहेब असेल तर त्याचा गोंधळ होतो. म्हणून मान हलवा, पण बरोबर तोंडाने 'हो सर' किंवा 'नाही, माहीत नाही' असं म्हणा. माहीत नसेल तर ते साध्या आवाजात म्हणणं हीदेखील चांगली देहबोलीच. उत्तर येत नाही म्हणून ओशाळं हसत बसलं की वेळही जातो आणि गुणही.

मुलाखत कॉम्प्युटरवर असली तर इतकंच, की लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आणा, खिडकी पाठीमागे न ठेवता समोर ठेवा, आणि उत्तर देताना स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडे न बघता कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे बघा.

त्या मुलीची निवड झाली. पेढे घेऊन आली तेव्हा मी तिला म्हटलं, हे तुझ्या लेखी परीक्षेचे आहेत, माझ्या तीन संध्याकाळचे नाहीत. ती म्हणाली, ''काका, आत गेल्यावर पहिली दोन मिनिटं पाय हललाच. मग लक्षात आलं आणि पावलं टेकवली.'' मला हेच हवं होतं. सवय जात नाही, ती वेळेवर लक्षात येते.

आता टेबलापलीकडच्यांसाठी. इथे बसलेल्यांपैकी बरेचजण आपापल्या ऑफिसात मुलाखती घेतात. घाबरलेला माणूस आणि खोटं बोलणारा माणूस, दोघेही सारखेच दिसतात. नाकाला हात लावला म्हणजे थाप मारली, नजर चुकवली म्हणजे काहीतरी लपवलं, हे सगळं पुस्तकी आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ साली असे दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा माणसं खरं-खोटं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ओळखतात असं निघालं. नाणं उडवलं तरी ५० टक्के मिळतात! म्हणून मी पुढे बोर्डावर बसलो तेव्हा स्वतःला दोन नियम घालून घेतले. पहिली दोन-तीन मिनिटं सोपे प्रश्न, गावाचे, शाखेचे, आणि त्या वेळातली देहबोली मोजायची नाही. आणि शेरा लिहिताना 'आत्मविश्वास कमी' असं न लिहिता, प्रश्न काय आणि उत्तर काय ते लिहायचं. शेजारच्या साहेबांच्या कागदाकडे बघायचं नाही, हा तिसराही घातला, पण तो स्वतःच्याच लाजेने.

शेवटी आपल्या घरातलं बोलतो, म्हणजे आपल्या जनरल बॉडीचं. रागावू नका.

आपल्या सभेत कमिटी समोर टेबलामागे एका ओळीत बसते आणि सभासद समोर रांगांत. दोन सैन्यं उभी असावीत तसं. गच्चीच्या गळतीचा विषय निघाला होता ती सभा आठवा. वरच्या मजल्यावरचे एक सभासद उठून टेबलापाशी आले, बसलेल्या खजिनदारांवर वाकून बोट रोखून बोलू लागले. खजिनदार हिशेबाच्या वहीत डोळे घालून बसले. सभासदांना वाटलं, हे आपलं ऐकतच नाहीत. खजिनदार नंतर मला म्हणाले, ''अहो, ते विचारत होते तोच आकडा मी शोधत होतो.'' एक आकडा, आणि त्यावरून दोन कुटुंबं सहा महिने लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलली नाहीत.

त्यानंतरच्या सभेत मी कमिटीला दोन गोष्टी सुचवल्या आणि त्यांनी त्या मानल्या, त्याबद्दल आभार. खुर्च्या अर्धगोलात मांडल्या. आणि सभासद बोलत असताना सेक्रेटरींनी वर बघायचं, लिहायचं काम दुसऱ्याने करायचं. आकडा शोधायचा असेल तर 'एक मिनिट, वही बघतो' असं तोंडाने सांगायचं. गळती त्यामुळे थांबली नाही, ती वॉटरप्रूफिंग झाल्यावरच थांबली. पण कंत्राटावर चर्चा झाली, भांडण झालं नाही. सभासदांना माझी विनंती एवढीच की बोट रोखण्याऐवजी तळवा उघडा ठेवून बोला आणि जागेवरूनच बोला. तोच मुद्दा जास्त ऐकला जातो.

आणि हो, मी सभेत कायम हाताची घडी घालून बसतो. त्यावरून काहींनी ठरवलं होतं की या रिटायर्ड साहेबाला सगळ्याच ठरावांना विरोध करायचा असतो. मंडळी, माझा डावा खांदा आखडलेला आहे. घडी घातली की बरं वाटतं. तेव्हा कोणाच्या हातांवरून त्याच्या मनाचा अंदाज बांधाल, तर एकदा विचारून खात्री करून घ्या. मी जव्हारच्या त्या मुलाला विचारलं नव्हतं. ''खाली का बघतोस, निवांत बोल,'' एवढं वाक्य मला सुचलं नाही.

बाहेर चहा आणि बटाटेवडे तयार आहेत असं सेक्रेटरी डोळ्यांनी सांगताहेत. ही देहबोली मात्र मला शंभर टक्के कळते.